बारा व्होल्टांवर घरातले तीन दिवे

महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे अशी होती, की खेड्यातल्या घराची संध्याकाळ भारनियमनाच्या वेळापत्रकावर ठरत असे. ज्यांना बाजारातला मोठा इन्व्हर्टर परवडत नव्हता, त्यांच्यातले हौशी लोक पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर आणि दोन-चार आयसी आणत आणि बारा व्होल्टांच्या बॅटरीवर घरचे दिवे लावायची खटपट करत. पहिल्या वादळी पावसात तारा तुटल्या की ही खटपट आजही सुरू होते. सर्किट लहान आहे, वहीच्या एका पानावर सहज मावते. तरी हाताने जोडलेला इन्व्हर्टर पुष्कळदा थोड्याच दिवसांत बंद पडतो, नाहीतर बल्ब उडवत राहतो. त्यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. बनवणाऱ्याने मीटरवर २३० हा आकडा गाठलेला असतो, पण त्या २३० व्होल्टांचा आकार कसा आहे हे पाहिलेले नसते.

एक नेहमीचे घर घेऊ. स्वयंपाकघरात आणि पडवीत नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब आहेत, मधल्या खोलीत वीस वॅटची एलईडी ट्यूब आहे. लाइट गेल्यावर हे तीन दिवे चार तास चालले पाहिजेत. एकूण भार झाला ३८ वॅट. लोखंडी गाभ्याचा लहान ट्रान्सफॉर्मर वापरलेला इन्व्हर्टर बॅटरीतून घेतलेल्या शक्तीपैकी साधारण तीन चतुर्थांश दिव्यापर्यंत पोचवतो, उरलेली उष्णतेत जाते. म्हणजे बॅटरीला ३८ नव्हे तर सुमारे ५० वॅट द्यावे लागतील. बारा व्होल्टांवर हा प्रवाह सव्वाचार अँपिअरच्या आसपास येतो, चार तासांचे झाले सतरा अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. तिच्यातले निम्मेच वापरायचे ठरवले, तर ३५ ते ४० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. स्कूटरची किंवा यूपीएसमधली सात अँपिअर-तासांची बॅटरी इथे तासभर जेमतेम पुरेल. शिवाय तिच्यावर छापलेले सात हे वीस तासांत हळूहळू उपसले तरच मिळतात. चार अँपिअरने ओढले की ते बरेच कमी होतात.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा: इन्व्हर्टर हवाच कशाला? बारा व्होल्टांवर थेट चालणारे एलईडी बल्ब मिळतात. भाजीची हातगाडी, शेतातली खोप, नव्याने बांधलेली गोठ्याची शेड अशा ठिकाणी तेच लावावेत. तेवढाच उजेड मिळतो आणि बॅटरीतले पाव भाग वाचतात. इन्व्हर्टरला अर्थ येतो तो जिथे घरभर २३० व्होल्टांचे वायरिंग, होल्डर आणि बल्ब आधीच आहेत आणि ते बदलायचे नाहीत तिथे. दिवा दूर असला तरीही तो सोयीचा पडतो. बारा व्होल्टांवर चार-पाच अँपिअर पातळ वायरीतून नेले, तर दोन मीटरच्या अंतरातच अर्धा व्होल्ट गळतो. २३० व्होल्टांवर तेवढीच शक्ती न्यायला पाव अँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो आणि गळती जाणवतच नाही.

बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, आणि ट्रान्सफॉर्मरला तर सतत बदलणारी वीज लागते. म्हणून इन्व्हर्टरचे पहिले काम म्हणजे बॅटरीची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट करणे. जुन्या काळी मोटारीतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी हे काम व्हायब्रेटर नावाची एक थरथरणारी पत्ती करायची. तिचे संपर्कबिंदू जळत आणि ती गुणगुणायची. आज तिच्या जागी मॉस्फेट असतात.

जोडणी अशी असते. ट्रान्सफॉर्मर उलटा वापरायचा. एरवी जी बाजू २३० व्होल्ट घेते, तिच्यातून आता २३० बाहेर काढायचे. कमी व्होल्टांच्या वाइंडिंगला मधोमध एक टोक काढलेले असते, ते बॅटरीच्या धन टोकाला जाते. उरलेली दोन टोके एकेका मॉस्फेटच्या ड्रेनला आणि दोन्ही मॉस्फेटचे सोर्स बॅटरीच्या ऋण टोकाला. पहिला मॉस्फेट चालू झाला की प्रवाह वाइंडिंगच्या वरच्या अर्ध्यातून वाहतो आणि गाभ्यात एका दिशेचे चुंबकत्व तयार होते. तो बंद होऊन दुसरा चालू झाला की प्रवाह खालच्या अर्ध्यातून जातो आणि चुंबकत्व उलटते. लाकूड कापणाऱ्या दोन माणसांच्या करवतीसारखे हे चालते: एकाने ओढायचे तेव्हा दुसऱ्याने सोडायचे. दोघांनी एकदम ओढले तर काम थांबते, आणि इथे तर जळण्याचीच वेळ येते. दोन्ही मॉस्फेट एकाच क्षणी चालू असले, की वाइंडिंगच्या दोन अर्ध्यांची चुंबकत्वे एकमेकांना खोडून काढतात. मग बॅटरीपुढे अडथळा म्हणून उरतो तो फक्त तांब्याच्या तारेचा किरकोळ रोध.

मॉस्फेट चांगला, कारण तो पूर्ण चालू असताना जवळजवळ काहीच गिळत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या आयआरएफझेड ४४एन या मॉस्फेटचा चालू स्थितीतला रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजतात, जास्तीत जास्त साडेसतरा. साडेचार अँपिअर गेले तर त्याच्यावर व्होल्टचा बारावा भागही पडत नाही. पूर्वीच्या सर्किटात असणारा २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर तेवढ्याच प्रवाहाला सुमारे एक व्होल्ट खात असे. बारातला एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के वीज, ती नुसती हीटसिंक तापवण्यात जायची.

पण मॉस्फेट पूर्ण चालू व्हायला त्याच्या गेटवर दहा व्होल्टांच्या आसपास दाब हवा. हल्ली मुले मायक्रोकंट्रोलरच्या पाच व्होल्टांच्या पायावरून थेट गेट चालवतात आणि मॉस्फेट का तापतो म्हणून बुचकळ्यात पडतात. अर्धवट उघडलेला मॉस्फेट हा स्विच राहत नाही, तो शेगडी होतो. त्याच्यावर सहा व्होल्ट राहिले आणि साडेचार अँपिअर वाहिले, तर २७ वॅट त्या नखाएवढ्या तुकड्यात जिरतात.

दोन मॉस्फेटना आळीपाळीने इशारा देण्यासाठी हौशी मंडळींची आवडती आयसी म्हणजे सीडी ४०४७. तिच्या १० आणि ११ क्रमांकांच्या पायांवर एकमेकांच्या उलट चालणारे दोन संकेत मिळतात. वेग ठरतो एका रोधावर आणि एका कपॅसिटरवर. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर ५० हर्ट्झसाठी साडेपंचेचाळीस किलोओहम लागतात. म्हणून ३९ किलोओहमच्या रोधाला १० किलोओहमचा प्रीसेट जोडतात आणि प्रीसेट फिरवून वेग नेमका करतात. या आयसीचा खरा गुण वेगळाच आहे. आतल्या दोलकाचा वेग निम्मा करून ती हे दोन संकेत देते, त्यामुळे दोन्ही मॉस्फेटना तंतोतंत सारखा वेळ मिळतो. एकाला जरा जास्त आणि दुसऱ्याला जरा कमी वेळ मिळाला असता, तर गाभ्यात एका बाजूचे चुंबकत्व साचत गेले असते.

तिचा दोषही तितकाच महत्त्वाचा. एक संकेत खाली जातो त्याच क्षणी दुसरा वर येतो, मध्ये उसंत नसते. मॉस्फेटचे गेट म्हणजे एक छोटा कपॅसिटरच. तो रिकामा व्हायला वेळ लागतो, आणि ४०४७ चे पाय काही मिलीअँपिअरपलीकडे ओढू शकत नाहीत. म्हणजे पहिला मॉस्फेट बंद होण्याआधी दहा-वीस मायक्रोसेकंद दुसरा चालू झालेला असतो. दर अदलाबदलीला हा झटका बसतो. उपाय स्वस्त आहे. आयसी आणि गेट यांच्यामध्ये दोन लहान ट्रान्झिस्टरांची जोडी घालून गेट झटकन रिकामे करायचे, गेटच्या रोधाला एक डायोड असा समांतर लावायचा की चालू होणे सावकाश आणि बंद होणे चटकन व्हावे, आणि गेट-सोर्समध्ये १० किलोओहमचा रोध ठेवायचा म्हणजे आयसी निकामी झाली तरी मॉस्फेट आपोआप बंद राहील.

जो मॉस्फेट बंद असतो त्याच्यावर बॅटरीच्या दुप्पट व्होल्ट येतात, कारण चालू अर्ध्या वाइंडिंगचे व्होल्ट दुसऱ्या अर्ध्यातही तयार होऊन बेरीज होते. बॅटरी चार्ज होत असताना हे २९ पर्यंत जातात, आणि अदलाबदलीच्या वेळचा उसळता दाब वेगळाच. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरून काढलेले मॉस्फेट इथे फुटतात, ते याचमुळे. ते प्रवाह भरपूर सोसतात, पण त्यांची व्होल्टांची मर्यादा बहुधा ३० च्या घरातली असते. ५५ व्होल्टांचा मॉस्फेट हवा आणि त्याला वाइंडिंगवर रोध-कपॅसिटरची एक लहान जोडी हवी.

आता लहरीकडे येऊ, कारण इथेच बहुतेकांची वाट चुकते.

घरच्या विजेची लहर गोलाईने चढते आणि उतरते. तिला आपण २३० म्हणतो, पण शिखरावर ती ३२५ व्होल्टांपर्यंत पोचते. २३० हा तिचा परिणामी आकडा, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या सरळ विजेचा आकडा. ४०४७ च्या इन्व्हर्टरमधून निघणारी लहर चौकोनी असते. दहा मिलिसेकंद वर, दहा मिलिसेकंद खाली, मध्ये चढ-उतार नाही. तिचे शिखर आणि तिचा परिणामी आकडा एकच.

हौशी माणूस सहसा १२-०-१२ व्होल्टांचा तयार ट्रान्सफॉर्मर आणतो. तो उलटा लावल्यावर २३० मिळत नाहीत, भार आल्यावर २०० च्या आसपास मिळतात. कारण कारखान्यात त्याची वेटोळी अशी गुंडाळलेली असतात की पूर्ण भारावरही १२ व्होल्ट मिळावेत, म्हणून थोडी जास्त वेटोळी घातलेली असतात. उलट्या दिशेला हीच वाढ आपल्याविरुद्ध जाते. मग कोणीतरी सांगते, ९-०-९ लाव. तो लावला की दिवे लख्ख होतात, मीटरवर आकडा चढतो, आणि ट्रान्सफॉर्मर मोठ्याने गुणगुणत तापू लागतो.

हे का होते ते एका सोप्या गुणाकारात दिसते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा किती भरेल, हे वाइंडिंगवरचे व्होल्ट आणि ते किती वेळ राहिले यांच्या गुणाकारावर ठरते. ९ व्होल्टांच्या वाइंडिंगवर घरच्या विजेच्या अर्ध्या फेरीत सरासरी ८.१ व्होल्ट दहा मिलिसेकंद राहतात, गुणाकार ८१. तो गाभा तेवढ्यासाठीच बांधलेला असतो. चौकोनी लहरीत त्याच वाइंडिंगवर पूर्ण १२ व्होल्ट पूर्ण दहा मिलिसेकंद टाकले, तर गुणाकार होतो १२०, म्हणजे जवळजवळ दीडपट. लोखंड तेवढे चुंबकत्व पेलू शकत नाही. गाभा भरला की वाइंडिंगचा विरोध संपतो आणि प्रत्येक अर्ध्या फेरीच्या शेवटी बॅटरीतून मोठा, निरुपयोगी प्रवाह उसळतो. ओळखायची खूण सोपी: सगळे दिवे काढून बॅटरीचा प्रवाह मोजावा. रिकाम्या इन्व्हर्टरने अर्ध्या अँपिअरच्या आत राहायला हवे. तो कित्येक पटींनी जास्त ओढत असेल, तर दोष मॉस्फेटचा नाही, गाभा भरतो आहे.

सुटकेची वाट म्हणजे लहरीत मोकळी जागा सोडणे. एक मॉस्फेट सात मिलिसेकंद चालू ठेवायचा, तीन मिलिसेकंद दोन्ही बंद, मग दुसरा सात मिलिसेकंद. आता गुणाकार ८४ होतो आणि ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर शांत राहतो. बाहेरची लहर पायऱ्यांची दिसते: वर, मध्ये शून्याजवळ, खाली, पुन्हा शून्याजवळ. भारावर तिची उंची सुमारे २७० व्होल्ट राहते आणि परिणामी आकडा २२६ च्या घरात येतो. बाजारात हिलाच सुधारित साइन लहर म्हणतात. शिवाय मधल्या तीन मिलिसेकंदांमुळे दोन मॉस्फेट एकदम चालू राहण्याचा प्रश्नच मिटतो. एका बदलाने दोन आजार बरे होतात, म्हणून पूर्ण चौकोनी लहरीचा हट्ट सोडून द्यावा.

ही मोकळी जागा ४०४७ देत नाही. त्यासाठी एसजी ३५२५ सारखी आयसी घेतात. तिचे दोन पाय आळीपाळीने चालतात आणि चालू राहण्याचा काळ बदलता येतो. एक बारकावा ध्यानात ठेवायचा: ५० हर्ट्झसाठी तिचा आतला दोलक १०० हर्ट्झवर चालवावा लागतो, आणि उत्पादकांनी दिलेली तिची खालची मर्यादा बरोबर तेवढीच आहे. म्हणून वेग ठरवणारे भाग चांगल्या प्रतीचे घ्यावेत आणि वेग मोजून लावावा. या आयसीला बाहेरच्या व्होल्टांचा नमुना परत दिला, की बॅटरी उतरेल तसा ती स्पंद रुंदावत नेते. सुरुवातीला सात मिलिसेकंद असलेला स्पंद बॅटरी ११ व्होल्टांवर आली की आठच्या पुढे जातो, आणि उजेड तसाच राहतो.

मात्र हे मोजायचे कशाने? सर्वसाधारण स्वस्त मल्टिमीटर लहरीची सरासरी मोजतो आणि ती गोलाईचीच आहे असे धरून १.११ ने गुणतो. चौकोनी लहरीचे खरे २०० व्होल्ट त्याच्यावर २२२ दिसतात, आणि बनवणारा समाधानाने मीटर बाजूला ठेवतो. पायऱ्यांच्या लहरीत चूक उलटी होते आणि ती जास्त महाग पडते. समजा लहरीचे शिखर ३२५ आहे आणि अर्धा वेळ ती शून्यावर आहे. तिचा खरा आकडा २३०, पण मीटर दाखवतो १८०. कमी दिसतात म्हणून प्रीसेट फिरवत मीटरवर २३० आणले, तर प्रत्यक्षात दिव्याला २६० मिळू लागतात. ‘ट्रू आरएमएस’ असे लिहिलेला मीटर घ्यावा. तो नसेल, तर एक जुना तारेचा बल्ब घरच्या विजेवर आणि एक तसाच बल्ब इन्व्हर्टरवर लावून शेजारी शेजारी पाहावे. तारेला लहरीचा आकार कळत नाही, तिला फक्त उष्णता कळते. त्यामुळे दोन्हींचा उजेड सारखा असेल तर परिणामी व्होल्टही सारखे.

एलईडी बल्बला मात्र आकार कळतो, आणि सगळ्या एलईडी बल्बना सारखा कळत नाही. चांगल्या नऊ वॅटच्या बल्बमध्ये आधी वीज सरळ करणारा ब्रिज असतो, मग एक साठवणीचा कपॅसिटर आणि मग आयसी-कॉइलचा ड्रायव्हर. त्याला चौकोनी लहर चालते, पायऱ्यांचीही चालते. स्वस्त छोट्या बल्बमध्ये आणि झिरोच्या दिव्यात ड्रायव्हर नसतोच. तिथे विजेच्या वाटेत एक कपॅसिटर मालिकेत लावून प्रवाह रोखलेला असतो. असा बल्ब ओळखायचा तर त्याची पांढरी टोपी काढून पाहावी. आत कॉइल दिसत नाही, एक चौकोनी, बहुधा पिवळसर किंवा लालसर कपॅसिटर दिसतो, त्याच्यावर १०५ आणि ४०० व्होल्ट असे काही छापलेले असते. १०५ म्हणजे एक मायक्रोफॅरड.

कपॅसिटरमधून जाणारा प्रवाह व्होल्ट किती वेगाने बदलतात त्यावर ठरतो. गोलाईच्या लहरीत बदल सावकाश असतो, प्रवाह ७० मिलीअँपिअरच्या आसपास राहतो आणि मालिकेतल्या १०० ओहमच्या रोधात अर्धा वॅट जिरतो. चौकोनी लहरीत व्होल्ट क्षणात वरून खाली येतात. प्रत्येक कडेला त्या रोधातून काही अँपिअरचा सुळका जातो आणि सेकंदाला शंभर कडा असतात. अर्ध्या वॅटच्या जागी त्या रोधात चार-पाच वॅट जिरू लागतात. बल्ब पेटतो, थोडा मंदही वाटतो, आणि काही वेळाने आतला रोध काळा पडून तो कायमचा बंद होतो. मालक बल्बला नाव ठेवतो, विकणारा इन्व्हर्टरला. दोघांनाही त्या कडा दिसलेल्या नसतात. पायऱ्यांच्या लहरीत उडी निम्म्या-निम्म्याने होते म्हणून त्रास कमी होतो, पण संपत नाही. असे बल्ब या वायरिंगवर लावूच नयेत.

खरी गोल लहर काढणारे इन्व्हर्टरही असतात. त्यांत मॉस्फेट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून स्पंदांची रुंदी गोलाईने बदलतात आणि नंतर कॉइल-कपॅसिटरने लहर गुळगुळीत करतात. पंखा, मिक्सर, वैद्यकीय यंत्र असेल तर तेच हवेत. तीन एलईडी दिव्यांसाठी तो खटाटोप लागत नाही. त्याऐवजी तो खर्च ट्रान्सफॉर्मर मोठा घेण्यात करावा. स्वस्त एलईडी दिवे वीज सबंध लहरीभर न घेता शिखरापाशीच घोटाघोटाने घेतात, त्यामुळे ३८ वॅटचे दिवे वाइंडिंगवर सत्तरेक वॅटचा ताण टाकू शकतात. १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर इथे योग्य.

संरक्षणाचा पहिला भाग इन्व्हर्टरच्या पेटीत नसतो, तो बॅटरीवर असतो. धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत मोटारीत वापरतात तसा दहा अँपिअरचा पात्याचा फ्यूज हवा. पुष्कळजण तो पेटीत बसवतात. मग बॅटरी ते पेटी ही वायर संरक्षणाबाहेर राहते, आणि दाराखाली चिरडून तिचे आवरण फाटले तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ढकलते. वायर लाल होते. बारा व्होल्टांचा शॉक बसत नाही म्हणून लोक बॅटरीला घाबरत नाहीत, पण तिच्या टोकांवर पाना आडवा पडला किंवा अंगठी टेकली तर हात भाजतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती देवघराच्या दिव्याजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नये.

बॅटरी उलटी जोडली जाणे हा अंधारात होणारा नेहमीचा अपघात. प्रत्येक मॉस्फेटच्या आत रचनेमुळेच एक डायोड तयार झालेला असतो. एरवी तो गप्प असतो. टोके उलटी झाली की दोन्ही डायोड एकदम वाहू लागतात आणि वाइंडिंगच्या दोन अर्ध्यांतून प्रवाह असा धावतो की चुंबकत्वे पुन्हा एकमेकांना खोडतात. फ्यूज बरोबर मापाचा असेल तर तो उडतो आणि मॉस्फेट वाचतात. कोणी त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर वाचत नाहीत. आयसीच्या पुरवठ्यात एक साधा १एन४००७ डायोड घातला की तीही वाचते.

यापुढचे काम म्हणजे बॅटरी वेळेवर सोडवणे. त्यासाठी एक तुलना करणारी आयसी आणि अडीच व्होल्टांचा स्थिर संदर्भ देणारी टीएल ४३१ पुरते. बॅटरीवर ३३ आणि १० किलोओहमचे रोध मालिकेत लावले, तर बॅटरी १०.७५ व्होल्टांवर आली की त्यांच्या मधल्या बिंदूवर नेमके अडीच व्होल्ट येतात. त्याखाली गेले की इन्व्हर्टर बंद. इतकेच केले तर एक गंमतशीर वाटणारा पण घातक प्रकार होतो: भार सुटताच बॅटरीचे व्होल्ट वर येतात, इन्व्हर्टर पुन्हा सुरू होतो, व्होल्ट पुन्हा पडतात, आणि दिवे लुकलुकत राहतात. म्हणून एकदा बंद झालेला इन्व्हर्टर साडेबारा व्होल्टांच्या आसपास, म्हणजे बॅटरी खरोखर चार्ज झाल्यावरच सुरू व्हावा, अशी एक रोधाची जोड त्या तुलनेला द्यावी लागते. आणि खरे तर १०.७५ ही शेवटची हद्द आहे. आपल्या घराच्या हलक्या भाराला त्या आकड्यावर बॅटरी जवळपास रिकामी झालेली असते. ही हद्द साडेअकराच्या आसपास ठेवली तर उजेड थोडा आधी जाईल, पण बॅटरी पुष्कळ जास्त दिवस टिकेल.

होल्डरमध्ये शॉर्ट झाले तर फ्यूज उडेल, पण मॉस्फेट त्याच्याही आधी उडू शकतो. सोर्सच्या वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाचा रोध ठेवला, की दहा अँपिअरला त्याच्यावर व्होल्टचा दहावा भाग येतो. तो ओळखून ३५२५ च्या दहाव्या पायावर इशारा दिला, की आयसी दोन्ही मॉस्फेट लगेच बंद करते. थोडासा उशीर मात्र ठेवावा, कारण दिवे लावताच त्यांचे रिकामे कपॅसिटर क्षणभर जास्त ओढतात. आयसीची सावकाश सुरू होण्याची सोय वापरली तर हा पहिला हिसकाही मऊ होतो.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणतीही सूट देता येत नाही. बॅटरी बारा व्होल्टांची असली तरी बाहेर पडणारे २३० व्होल्ट महावितरणच्या विजेइतकेच जीवघेणे आहेत. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून इन्व्हर्टर घरातल्या सॉकेटमध्ये खोचणे ही खेड्यात दिसणारी युक्ती माणूस मारू शकते. प्लगच्या उघड्या पिना जिवंत असतात, मेन स्विच चालू राहिला तर वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनपर्यंत उलटी पोचू शकते, आणि लाइन परत आली की तिच्याशी झुंजून मॉस्फेट क्षणात फुटतात. तीन दिव्यांसाठी वेगळे वायरिंग काढावे, नाहीतर एका वेळी एकच पुरवठा जोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा.

जोडलेली पाटी पहिल्यांदा बॅटरीला लावताना जाणता मिस्त्री बॅटरीच्या वायरीत मोटारीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब मालिकेत घालतो. काही बिघडलेले असले तरी त्या बल्बमुळे पावणेदोन अँपिअरपलीकडे काही जाऊ शकत नाही. बल्ब लख्ख पेटला तर दोन्ही मॉस्फेट एकदम चालू आहेत, किंवा एखादा शॉर्ट आहे, किंवा गाभा भरतो आहे. तार नुसती लालसर झाली किंवा पेटलीच नाही, तर बल्ब काढून फ्यूज लावायचा आणि आधी एकच दिवा जोडायचा. मग दुसरा, मग ट्यूब. तासाभराने बॅटरी सोडवून हात लावून पाहायचे: हीटसिंक कोमट, ट्रान्सफॉर्मर हात ठेवता येईल इतका गरम, बॅटरीच्या टोकांवरच्या चिमट्यांपैकी कोणताही वेगळा तापलेला नाही. एखादा चिमटा तापला असेल तर तिथला सांधा ढिला आहे. तो घासून, आवळून मगच चार तासांची पहिली संध्याकाळ त्या इन्व्हर्टरवर काढावी.